नंबर प्लेट नियमात आहे का? घरीच पट्टी लावून बघा

गाडीचं आरसी आहे, विमा चालू आहे, पीयूसी कालच काढलंय, तरीही ती गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा ठरू शकतं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ३९ नीट वाचलं की हे कळतं. ते कलम नोंदणीबद्दल आहे. पण गाडी नोंदलेली असावी एवढ्यावर ते थांबत नाही. नोंदणी क्रमांक ‘विहित पद्धतीने’ गाडीवर लावलेला असला पाहिजे, असंही त्याच वाक्यात आहे. म्हणजे प्लेट ही नोंदणीचाच भाग आहे. ती चुकली तर नोंदणीची अट अपुरी राहिली, असा अर्थ लावायला कायद्यात जागा आहे.

हे आधी सांगण्याचं कारण दंडात आहे. फॅन्सी प्लेटला पाचशे रुपये लागतात, असं बहुतेकांनी ऐकलेलं असतं आणि ते चूक नाही. ज्या नियमभंगासाठी वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, त्याला कलम १७७ लागतं. त्यात पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. अक्षरांचा आकार किंवा वळण चुकलं असेल तर पोलीस बऱ्याचदा हेच कलम लावतात. पण कलम ३९ चा भंग धरला तर शिक्षा कलम १९२ खाली होते. तिथे पहिल्या गुन्ह्याला किमान २,००० आणि कमाल ५,००० रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा तोच गुन्हा झाला तर ५,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय कलम ३९ चा भंग करणारी गाडी ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना कलम २०७ देतं. प्लेटच नाही, प्लेट झाकली आहे किंवा नंबर वाचताच येत नाही, अशा वेळी गोष्ट या दुसऱ्या वाटेने जाण्याची शक्यता जास्त.

जागेवर किंवा ऑनलाइन भरायची तडजोड रक्कम कलम २०० खाली राज्य सरकार ठरवतं. त्यामुळे शेजारच्या राज्यातल्या मित्राचं चलन बघून आपला आकडा काढू नका. चलनावर कलम छापलेलं असतं, ते आधी वाचा.

नियमातली प्लेट कशी असते

प्लेटचे नियम केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेत. नियम ५० प्लेट कशी आणि कुठे लावायची ते सांगतो, नियम ५१ अक्षरांची मापं देतो. दोन्ही सगळ्या देशाला लागू आहेत, म्हणून ‘आमच्या जिल्ह्यात चालतं’ या वाक्याला कागदावर किंमत नाही.

अक्षरं इंग्रजी आणि अंक आंतरराष्ट्रीय, म्हणजे इंग्रजीत लिहितो ते. आपल्याकडे अनेकांना हे खटकतं. मराठी अंकांच्या प्लेटा हौसेने आणि अभिमानाने लावल्या जातात, आणि पोलिसांशी सगळ्यात जास्त वाद त्यावरूनच होतात. भावना कितीही खरी असली तरी नियमात देवनागरीला जागा नाही. हायवेवरचा कॅमेरा किंवा दुसऱ्या राज्यातला हवालदार तो नंबर वाचू शकणार नाही, हे त्यामागचं साधं कारण. मराठी लिहायचंच असेल तर गाडीच्या अंगावर लिहा, प्लेट सोडा.

दोन ओळींत नंबर असेल तर वरच्या ओळीत राज्याचा आणि आरटीओचा कोड येतो, उदाहरणार्थ एमएच १२, आणि उरलेला भाग खाली. पुढची प्लेट एका ओळीत चालते. एमएच एका कोपऱ्यात बारीक आणि चार अंक मधोमध मोठे, ही मांडणी कुठेच बसत नाही.

आता मापं. हे तपासायला शाळेतली पट्टी पुरते. मोटारीवर, म्हणजे दुचाकी-तिचाकी सोडून बाकी गाड्यांवर, अक्षरं आणि अंक दोन्ही ६५ मिलिमीटर उंच हवेत, रेघेची जाडी १० मिलिमीटर आणि दोन अक्षरांतलं अंतरही १०. दुचाकीला मागे अक्षरं ३५ आणि अंक ४० मिलिमीटर, दोन्हींची जाडी ७ आणि अंतर ५. दुचाकीच्या पुढच्या प्लेटवर सगळंच ३० मिलिमीटर उंच, ५ जाड, ५ अंतराने. ७० सीसीपेक्षा लहान इंजिनाच्या दुचाकीला पुढे याहून बारीक अक्षरं चालतात, पण तशा गाड्या आता फार दिसत नाहीत.

ही मापं म्हणजे नेमका आकार आहे; किमान मर्यादा समजून त्याच्या वर जायची मुभा नाही. ‘मी तर मोठंच लिहिलंय, लांबून दिसतं’ हा युक्तिवाद इथेच अडकतो.

एक उदाहरण पट्टीने मोजून बघू. २०१४ ची स्कूटर, पुण्याची, जुनी रेडियमची प्लेट. मागे एमएच १२ ही ओळ साधारण १५ मिलिमीटरची, त्याखाली मालिकेची दोन अक्षरं तितकीच बारीक आणि चार अंक ६० मिलिमीटरचे, उजवीकडे झुकलेले. तळाशी लाल रंगात ‘आईचा आशीर्वाद’. पट्टी लावल्यावर लगेच तीन गोष्टी दिसतात. अक्षरं हवी त्याच्या निम्म्याहून कमी, अंक दीडपट मोठे आणि नोंदणी क्रमांक सोडून भलताच मजकूर प्लेटवर. अंक तिरके असणं ही चौथी गोष्ट, तिला पट्टीही लागत नाही. या स्कूटरला अक्षरं पुसून पुन्हा रंगवून घेण्यात अर्थ नाही. तिचं पुढे काय करायचं ते खाली येईलच.

रंगावरून गाडीचा वापर कळतो. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरं, टॅक्सी-ट्रकसारख्या व्यावसायिक गाडीला पिवळ्यावर काळी. विजेवर चालणारी खासगी गाडी हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांची आणि व्यावसायिक असेल तर हिरव्यावर पिवळ्या. चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीला काळ्यावर पिवळी अक्षरं असतात. गोव्याला जाणाऱ्यांनी हे शेवटचं जोडपं लक्षात ठेवावं. तिथे कुणी पांढऱ्या प्लेटची स्कूटर भाड्याने देत असेल तर ती खासगी गाडी आहे, आणि नाक्यावर अडकायची पाळी तुमच्यावर येते.

फॅन्सी म्हणजे नेमकं काय

आवडीचा नंबर घेणं आणि नंबर सजवणं यांची गल्लत फार होते. आरटीओत जास्तीची फी भरून पसंतीचा क्रमांक घेणं पूर्ण कायदेशीर आहे. ८०५५ घेतला म्हणून कुणी अडवत नाही. त्या अंकांना असं वळण दिलं की ‘बॉस’ वाचलं जावं, तेव्हा भानगड सुरू होते. २१४ चं ‘राम’, ४१४१ चं ‘पापा’ हीच करामत. यात अंकांच्या डोक्यावर रेघ ओढली जाते, एखादा अंक बारीक केला जातो, मधलं अंतर मोडलं जातं. लाखभर रुपये भरून घेतलेला नंबर मग कुणालाच नंबर म्हणून वाचता येत नाही, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

कमी लक्षात येणारे प्रकारही आहेत. प्लेट बसवायचा स्क्रू नेमका अंकावर आला की तीनचा आठ दिसतो. हे कधी मुद्दाम केलेलं असतं, कधी मेकॅनिकच्या घाईने होतं. कॅमेऱ्याला फरक कळत नाही. पक्षाचं चिन्ह, ‘पोलीस’, ‘प्रेस’, ‘सरपंच’ ही अक्षरं प्लेटवर लिहिणं तर सरळच चूक. चांदीसारख्या चकचकीत पत्र्यावर चांदीचीच अक्षरं लावलेली प्लेट दिवसा दुकानात सुंदर दिसते आणि संध्याकाळी दिव्याच्या उजेडात कोरी दिसते.

झाकलेली प्लेट

झाकणं म्हणजे केवळ रुमाल बांधणं नव्हे. धुरकट अ‍ॅक्रिलिकचं कव्हर, वर दुमडलेली दुचाकीची प्लेट, पुढच्या गार्डचा आडवा पाइप, मागे लावलेलं सायकलचं कॅरियर, ट्रकचा खाली सोडलेला फाळका, लटकती ताडपत्री, या सगळ्यांनी नंबर झाकला जातो. मालकाचा हेतू काहीही असो, क्रमांक वाचता आला नाही की तो ‘विहित पद्धतीने’ लावलेला राहत नाही.

पारदर्शक कव्हरबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. दुकानदार सांगतो, प्लेट खराब होत नाही. पण नव्या प्लेटवरचा थर मुळातच प्रकाश परत फेकणारा असतो, आणि त्यावर प्लॅस्टिक चढवलं की वर्षभरात ते पिवळट पडतं, आत पाणी आणि धूळ जाते, फ्लॅश मारला की पांढरा डाग येतो. माझं मत विचाराल तर कव्हर काढून टाका. पत्र्याला दर धुण्यात ओलं फडकं पुरतं.

रात्रीचा भाग बहुतेक जण विसरतात. मागच्या नंबरवर पांढरा उजेड पाडणारा दिवा असलाच पाहिजे, आणि त्या उजेडात नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. हे नियम १०५ मध्ये आहे. तपासायला अंधार पडल्यावर गाडी चालू करून दिवे लावा आणि मागे साधारण वीस पावलं जा. नुसत्या डोळ्यांनी चारही अंक वाचता आले तर ठीक. तिथूनच मोबाइलने फ्लॅश लावून एक फोटोही काढा. डोळ्यांना दिसतंय पण फोटोत प्लेट पांढरी पडतेय, असं झालं तर कव्हर किंवा स्वस्त चकचकीत रेडियम हे कारण असतं. दिवा मिणमिणता असेल तर आधी काच पुसून बघा, मग बल्ब बदला. छोटा बल्ब उडाल्याचं महिनोन्‌महिने कळत नाही, कारण चालवणाऱ्याला तो दिसतच नाही.

पावसाळ्यात चिखलाने प्लेट माखणं हा वेगळा प्रश्न. घाटातून उतरलेल्या गाडीवर चिखल असणारच आणि समजूतदार पोलीस ‘पुसा आणि जा’ म्हणतो. पण बाकी गाडी धुतलेली आणि चिखल फक्त प्लेटवर, हे दृश्य सगळ्या नाक्यांवर ओळखीचं आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे अंकावर चिकटपट्टी लावून सहाचा आठ करणं किंवा दुसऱ्याच गाडीचा नंबर लावणं. तिथे वाहतूक दंडाचा विषय संपतो. फसवणूक आणि बनावटीची भारतीय न्याय संहितेतली कलमं लागू शकतात, गुन्हा नोंदवला जातो आणि चलन भरून सुटका होत नाही.

जुन्या गाडीला एचएसआरपी बसवणं

१ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या नव्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी प्लेट, म्हणजे एचएसआरपी, विक्रेत्याकडूनच बसून येते. त्याआधी नोंदलेल्या गाड्यांनी ती बसवून घ्यावी, असं महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने सांगितलं. त्यासाठीची ३१ मार्च २०२५ ही मुदत नंतर वेळोवेळी वाढवली गेली. आपली २०१४ ची स्कूटर यातच येते. तिची जुनी प्लेट दुरुस्त करत बसण्याऐवजी एचएसआरपी बसवली की आकार, वळण, अंतर हे प्रश्न एकदम मिटतात, कारण अक्षरं ठरलेल्या साच्यातच उमटवलेली येतात.

सुरुवात परिवहन विभागाच्या transport.maharashtra.gov.in या संकेतस्थळावरून करा. शोधयंत्रात ‘एचएसआरपी’ टाकून येणाऱ्या पहिल्या दुव्यावर जाऊ नका. सारख्याच दिसणाऱ्या खोट्या साइट्सनी पैसे उकळल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. विभागाच्या पानावर आपल्या आरटीओचा कोड निवडला की त्या भागासाठी नेमलेल्या कंपनीचं बुकिंग पान उघडतं. निवडायचा कोड गाडी कुठे नोंदली आहे त्याचा, पण बाहेरच्या जिल्ह्यातली गाडी सध्या वापरता त्या ठिकाणीही बसवून घेता येते.

पुढे नोंदणी क्रमांक, चासी क्रमांकाचे शेवटचे पाच आणि इंजिन क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे आणि मोबाइल नंबर लागतो. जुन्या गाड्यांची गाडी इथेच रुतते. आरसीवर एक आणि सरकारच्या ‘वाहन’ यंत्रणेत दुसरं, असं एक अक्षर जरी वेगळं असलं तरी पान पुढे सरकत नाही. शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल सगळ्यात जास्त आढळते. एकदा तसं टाकून बघा. तरीही नाही जमलं तर आधी आरटीओत नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते, कंपनीचं केंद्र त्यात काही करू शकत नाही. गाडी विकत घेतली पण नावावर केली नसेल तर तेही आधी उरका.

तपशील जुळले की केंद्र, तारीख आणि वेळ निवडून ऑनलाइन पैसे भरायचे. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तिचाकीला ५००, मोटारीला आणि इतर वाहनांना ७४५, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे आपल्या स्कूटरचे होतात ५३१ रुपये, मोटारीचे ८७९ रुपये १० पैसे. स्क्रू, लॉक आणि बसवणावळ यातच धरलेली आहे. केंद्रावर कुणी ‘क्लिपचे शंभर’ मागितले तर पावती दाखवा आणि द्यायचं नाकारा.

ठरलेल्या दिवशी गाडी, आरसी आणि पावती घेऊन जा. जुनी प्लेट काढून नवी बसवतात. मागची प्लेट स्नॅप लॉकने बसते. एकदा बसली की तोडल्याशिवाय निघत नाही. प्लेट घरी द्या, मी बसवतो, ही विनंती म्हणूनच मान्य होत नाही. निघण्यापूर्वी नंबरातलं एकेक अक्षर आरसीशी ताडून बघा. मग खरेपणाच्या खुणा: डावीकडे वर अशोकचक्राचा चमकता होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात ‘आयएनडी’ ही अक्षरं, डावीकडे तळाशी लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक. पुढच्या आणि मागच्या प्लेटवरचा हा लेझर क्रमांक वेगवेगळा असतो, त्याने घाबरू नका. रस्त्याकडेला मिळणाऱ्या नकली प्लेटवर ‘आयएनडी’ आणि चक्र छापलेलं असतं, पण लेझर क्रमांक नसतो किंवा असला तरी ‘वाहन’ यंत्रणेत जुळत नाही. मोटारीला याशिवाय पुढच्या काचेच्या आत, डाव्या वरच्या कोपऱ्यात एक स्टिकर लागतो. पेट्रोल-सीएनजीला फिका निळा, डिझेलला केशरी. तो काढायला गेलं की फाटतो. काच बदलली तर नवा घ्यावा लागतो, आणि काचवाला हे आपणहून सांगेलच असं नाही.

जुनी प्लेट काय करायची? आठवण म्हणून गॅरेजात टांगू नका. दुसऱ्याच्या हाती पडली तर ती थेट तुमच्या नावाची प्लेट आहे. केंद्रावर जमा करा किंवा वाकवून, अक्षरं मोडून भंगारात द्या. एचएसआरपी अपघातात मोडली तर त्याच बुकिंग पानावरून बदली प्लेट मागवता येते. चोरीला गेली असेल तर पोलिसांत तक्रार आधी, बुकिंग नंतर.

चलन आलं तर

mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर टाकला की प्रलंबित चलनं आणि बहुतेक वेळा फोटोही दिसतो. पैसे भरण्याआधी तो फोटो मोठा करून बघा. प्लेट तुमचीच आणि चूक उघड असेल तर भरून टाका आणि त्याच आठवड्यात प्लेट बदला. चुकीची प्लेट तशीच ठेवून पुन्हा सापडलात तर पुढचं चलन दुसऱ्यांदाच्या दराने येऊ शकतं.

फोटोतली गाडी तुमची नसेल तर भरू नका. तुम्ही नागपूरला कधी गेलाच नाहीत आणि चलन तिथलं आहे, फोटोत वेगळ्या रंगाची मोटरसायकल आहे, असे प्रकार होतात, आणि त्यात सहसा दोन शक्यता असतात. एक, समोरच्याची प्लेट फॅन्सी किंवा मळकी होती आणि यंत्राने किंवा पोलिसाने एक अंक चुकीचा वाचला. दोन, कुणीतरी तुमचा नंबर सरळ वापरतोय. पहिल्या बाबतीत ई-चलन यंत्रणेतल्या तक्रारीच्या सोयीतून चलन क्रमांक, आरसी आणि आपल्या गाडीचे पुढून-मागून-बाजूने काढलेले फोटो पाठवा. फोटोत गाडीचं मॉडेल, रंग आणि नव्या प्लेटचा लेझर क्रमांक स्पष्ट दिसू द्या. दुसऱ्या बाबतीत तेवढ्यावर थांबू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन शिक्का मारलेली प्रत घ्या आणि ती वाहतूक शाखेला जोडा. त्याच नंबरवर पुढे अपघात झाला तर पहिली नोटीस आरसीवरच्या पत्त्यावर येते, तेव्हा ही प्रत हाताशी हवी.